सातबाराचं भाषांतर आणि भाषांतरकाराचा अर्ज

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटीला वळलं की रस्ता कामणमार्गे भिवंडीकडे जातो. या भागातल्या जमिनीचा सातबारा, फेरफार मराठीत असतो. परदेशातल्या वारसाच्या वकिलाला तो इंग्रजीत लागतो. असं काम भाषांतर संस्थांकडे जातं. त्यांच्याकडे अर्ज करताना ‘सर्व विषयांची भाषांतरं करतो’ असं लिहू नका. ‘जमिनीचे अभिलेख: सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत’ एवढंच लिहा, आणि सोबत नमुन्याचं एक पान जोडा.

ते पान नीट निवडा. समजा, सातबारावर लागवडीयोग्य क्षेत्र ०.३६.५०, पोटखराब ०.०४.०० आणि एकूण ०.४०.५० आहे. प्रत्येकात पहिला आकडा हेक्टरचा, दुसरा आरचा, तिसरा चौरस मीटरचा. म्हणजे एकूण ४,०५० चौरस मीटर, एकराहून किंचित जास्त. बोलताना आपण आरलाच गुंठा म्हणून मोकळे होतो. पण आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणून भाषांतरात मूळ एककच ठेवायचं. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळकायदा कलम ४३ची नोंद असेल, तर ती पूर्ण उतरली पाहिजे. जमीन विकण्यापूर्वी सरकारी परवानगीचा प्रश्न तिथे येतो, आणि वकील आधी तेच शोधतो.

आता तपासणी. ‘मी काळजीपूर्वक तपासतो’ या वाक्यावरून संस्थेला काहीच कळत नाही. काय तपासता ते लिहा. भाषांतर झाल्यावर मजकूर बाजूला ठेवून फक्त आकडे मुळाशी ताडायचे: गट नंबर, हिस्सा, क्षेत्र, फेरफार क्रमांक, तारीख. हाताने लिहिलेल्या जुन्या फेरफारात १ आणि ९ हमखास फसवतात. मग बेरीज करायची. लागवडीयोग्य आणि पोटखराब मिळून एकूण येत नसेल, तर आधी आपली नक्कल चुकली का ते पाहायचं. मुळातच चूक असेल, तर आकडा जसाच्या तसा ठेवून ‘मुळात असेच’ अशी टीप द्यायची. कागद दुरुस्त करणं तलाठ्याचं आणि तहसीलदाराचं काम आहे, आपलं नाही.

जिल्ह्याचंही तसंच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. त्याआधीच्या वसईच्या कागदावर ‘जिल्हा ठाणे’ असेल, तर भाषांतरातही ठाणेच राहील. आजचा जिल्हा हवा तर टिपेत. नमुन्यात अशी एक टीप दिसली की तपासणाऱ्याला तुमची विषयाची जाण वेगळी सांगावी लागत नाही.

मात्र नमुना म्हणून कुठल्या ग्राहकाचा खरा कागद पाठवू नका. नावं, गट नंबर बदलून स्वतः तयार केलेलं पान द्या आणि तसं त्यावर लिहा.

आयएसओ १७१०० हे मानक पाळणाऱ्या संस्थेत भाषांतरकाराने स्वतः तपासल्यावरही दुसरी व्यक्ती मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून वाचते. म्हणून शंकास्थळांची यादी कामासोबत देता, हेही अर्जात लिहा. पुसट शिक्का, न लागलेलं अक्षर, जुळत नसलेली बेरीज, असं सगळं पान आणि रकाना दाखवून लिहिलेलं असलं, की त्या व्यक्तीची नजर थेट तिथे जाते.