दीडशे फॉलो, तीन दिवसांनी अनफॉलो

गेल्या भागात खूप जणांनी विचारलं होतं, "फॉलोअर वाढतायत, पण ऑर्डर का येत नाहीत?" आज त्याचंच उत्तर देतो, आणि तेही आमच्या रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या एका खात्यावरून. खातं कुणाचं हे सांगणार नाही. महामाया मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक मराठी काकू कुरडया, पापड आणि इथली बिजौरी करून विकतात. इन्स्टाग्रामवर त्यांचे बाराशे फॉलोअर होते. आकडा लहान, पण त्यातले बासष्ट टक्के रायपूरचेच. म्हणजे साधारण साडेसातशे माणसं अशी, जी संध्याकाळी स्कूटरवरून येऊन पाकीट घेऊन जाऊ शकतात.

मग एक "ग्रोथवाला" भेटला. त्याने महिन्याचे पैसे ठरवले आणि पासवर्ड मागून घेतला. इथूनच मी कान टवकारतो. जाहिरातीचं काम करणाऱ्याला तुमचा पासवर्ड कशाला हवा? बिझनेस खात्याला जोडून काम करण्याची रीतसर सोय आहे. पासवर्ड लागतो तो तुमच्या नावाने यंत्राला बटणं दाबायला लावायची असली तर.

यंत्राचं काम सोपं होतं. घरगुती खाण्याचे हॅशटॅग शोधायचे, ते वापरणाऱ्यांना रोज दीडशेच्या आसपास फॉलो करायचं आणि तीन दिवसांनी त्यांनाच अनफॉलो करायचं. दहातला एक जण भिडेखातर उलट फॉलो करतो. म्हणजे दिवसाला पंधरा, महिन्याला साडेचारशे, सहा महिन्यांत सत्तावीसशे. अनफॉलो करणं त्यात आवश्यकच, कारण एका खात्याला जास्तीत जास्त साडेसात हजार जणांनाच फॉलो करता येतं. जागा रिकामी केली नाही तर गाडी दोन महिन्यांत अडते. शिवाय हजारोंना फॉलो करणारं दुकान बघणाऱ्यालाही विचित्र वाटतं.

तर सहा महिन्यांनी फॉलोअर झाले एकोणचाळीसशे. काकू खूष. मी इन्साइट्स उघडून शहरांची यादी पाहिली. रायपूर बासष्टवरून चोवीस टक्क्यांवर आलं होतं. रायपूरचे लोक कमी झाले नव्हते, उलट थोडे वाढलेच होते. पण त्यांच्याभोवती लुधियाना, जयपूर, कोइंबतूर अशी गर्दी जमली होती. या गर्दीला बिजौरी नको होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःचा आकडा वाढावा म्हणून फॉलो केलं होतं, आणि कित्येक खाती तर तशीच यंत्रावर चालणारी होती. दोन यंत्रं एकमेकांना राम राम करतायत!

आता हे नुसतं निरुपयोगी असतं तर मी एवढं बोललो नसतो. पण ते नुकसान करतं. तुमची नवी पोस्ट अॅप आधी काही लोकांना दाखवून पाहतं, त्यात तुमचे फॉलोअर असतात. ते थांबले, लाइक केलं, मैत्रिणीला पाठवलं, तर ती पुढे जाते. आधी शंभरातले बासष्ट जण गल्लीतले होते, ते थांबायचे. आता शंभरातले शहात्तर बाहेरचे, ते अंगठ्याने सरकवून पुढे जातात. बाराशे फॉलोअर असताना काकूंची पोस्ट चारशे लोकांपर्यंत जायची. एकोणचाळीसशे असताना चारशे वीस. हा एक आकडा मी त्यांना कागदावर लिहून दिला, बाकी काही समजवावं लागलं नाही.

ग्रोथवाल्याचा यावरचा उपाय होता पॉड. टेलिग्रामवर तीस जणांचा गट. ठरलेल्या वेळी आपली लिंक टाकायची, त्याआधी इतरांच्या पोस्ट लाइक करायच्या आणि कमीत कमी चार शब्दांची कॉमेंट लिहायची. कुणी फुकट लाइक घेऊन पळालं तर गटातला बॉट त्याला बाहेर काढतो. शिस्त कौतुकास्पद आहे, शाळेतसुद्धा एवढी नसते.

पॉड चालतच नाही असं मी म्हणणार नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये टेलिग्रामवरच्या चारशेहून अधिक पॉडचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात पॉडमध्ये शिरल्यावर बऱ्याच खात्यांना बाहेरच्या खऱ्या माणसांचा प्रतिसादही वाढलेला दिसला. ज्याला ब्रँडकडून आकड्यावर पैसे मिळतात, त्याला तेवढ्यापुरता फायदा होईलही. पण त्याच संशोधकांनी पॉडमधल्या पोस्ट यंत्राने ओळखूनही दाखवल्या. बाहेरच्या संशोधकांना जमतं ते कंपनीला जमणार नाही असं समजू नका. आणि काकूंच्या बाबतीत पॉड अॅपला चुकीचं शिकवत होता: बिजौरी आवडणारी माणसं म्हणजे हे तीस फिटनेसवाले आणि मेकअपवाले. मग अॅप त्यांच्यासारखीच माणसं शोधणार.

ओळखायचं कसं? पोस्ट टाकल्यावर दहा मिनिटांत पस्तीस लाइक आणि नंतर दिवसभर शांतता. कॉमेंट अशी की कुरडईखालीही चालेल आणि लग्नाच्या फोटोखालीही. सेव्ह आणि शेअर जवळजवळ शून्य.

काकूंकडे शेवटी इशारा आला. आधी फॉलो करताना `Try again later`, मग अॅप उघडताच `We suspect automated behavior on your account`. किती फॉलो केल्यावर हे येतं ते कंपनी जाहीर करत नाही, म्हणून "रोज एवढे सुरक्षित" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हे नवीनही नाही. इन्स्टाग्रेस नावाची प्रसिद्ध बॉट सेवा २०१७ मध्ये इन्स्टाग्रामच्या सांगण्यावरून बंद झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने अशा अॅपमधून आलेले लाइक, फॉलो आणि कॉमेंट काढून टाकणार असं जाहीर केलं आणि ते वापरणाऱ्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. आणि विकत मिळणाऱ्या फॉलोअरच्या धंद्यात तर जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी अटकही केली. गायिका भूमी त्रिवेदी यांनी आपल्या नावाच्या बनावट प्रोफाइलची तक्रार केली, तिथून तो तपास सुरू झाला होता.

आम्ही काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा पासवर्ड बदलला. मग `Where you're logged in` उघडलं. तिथे काकू कधी न गेलेल्या शहरातला एक फोन होता, तो काढला. `Apps and websites` मधली अनोळखी जोडणी तोडली, दोन पायऱ्यांची पडताळणी लावली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फॉलोअर साफ करत बसलात आणि यंत्र तसंच चालू राहिलं, तर तुम्ही बादलीने पाणी काढताय आणि नळ उघडाच. मग `Account Status` पाहिलं. तुमच्या पोस्ट अनोळखी लोकांना सुचवल्या जाऊ शकतात की नाही ते तिथे कळतं. तिथे मर्यादा दिसली आणि ती चुकीची वाटली, तर फेरतपासणीही मागता येते.

त्यानंतर दोन आठवडे फॉलो-अनफॉलो पूर्ण बंद. घाईने सगळे काढायला "क्लीनर" अॅप टाकू नका, तोही बॉटच. काकूंची भाची रोज वीस-पंचवीस परकी खाती हाताने काढते. इन्स्टाग्राम स्वतःही काही फॉलोअर संशयित स्पॅम म्हणून वेगळे दाखवतं, तिथून सुरुवात सोपी जाते. नवीन खातं काढा असा सल्ला काहींनी दिला. मला तो पटला नाही, कारण ते साडेसातशे जुने गिऱ्हाईक याच नावाने शोधतात.

चौथ्या महिन्यात रायपूर छत्तीस टक्क्यांवर आलं. एकूण फॉलोअर उरले सव्वीसशे. पोस्ट सहाशेच्या वर जायला लागली. लुधियानाचे अजून बरेच आहेत, भाचीचं काम चालू आहे.