विनोद नेमका कुठे अडला?

विनोद सांगून झाला आणि कुणी हसलं नाही, की सांगणारा लगेच निकाल देऊन मोकळा होतो, "या लोकांना विनोदबुद्धीच नाही." ऐकणारे म्हणतात, "याला सांगताच येत नाही." दोन्ही निकाल घाईचे, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं ते दोन्हींतून कळत नाही. माझं म्हणणं असं, की पडलेला विनोद बहुधा तीन ठिकाणांपैकी एका ठिकाणी अडलेला असतो. मांडणी ऐकणाऱ्यापर्यंत स्वच्छ पोचलेली नसते, किंवा विनोद ज्या माहितीवर उभा आहे ती त्याच्याजवळ नसते, किंवा ज्यावर हसायचं ते शब्द भलत्याच जागी पडलेले असतात. घरातल्या नळाला पाणी आलं नाही तर आपण उठून भिंत फोडत नाही. पाइप तुंबलाय का, टाकीत पाणी आहे का, तोटी बिघडलीय का, हे एकेक करून बघतो. विनोदात पाइप म्हणजे मांडणी, टाकी असते ऐकणाऱ्याच्या डोक्यात, आणि तोटी म्हणजे शेवटचे शब्द. बघायचं ते याच क्रमानं.

एक छोटा विनोद घेऊ. पुण्यात दुपारी दोन वाजता एका बंद दुकानात चोर शिरतो. आवाजानं आत आडवा झालेला मालक जागा होतो, आणि डोळेही न उघडता म्हणतो, "चारनंतर या." आता यात मांडणीचं काम किती? पुणं, दुपारचे दोन, चोर आणि झोपलेला मालक, एवढ्या चार गोष्टी ऐकणाऱ्याच्या मनात पक्क्या बसायला हव्यात. त्यातली सगळ्यात निसटती गोष्ट वेळेची. चोर म्हटलं की ऐकणारा आपोआप रात्र धरून चालतो. म्हणून दुपार आधी सांगायची आणि चोर नंतर आणायचा. आपण करतो काय? "एक चोर होता, त्याच्याबरोबर त्याचा मेव्हणा होता, मागच्या दाराची कडी जरा सैल होती," असं सुरू करतो आणि दोनची वेळ मध्येच कुठेतरी पुटपुटतो. ऐकणारा बिचारा त्या मेव्हण्याला सांभाळत बसतो, कारण नाव घेतलं म्हणजे तो पुढे उपयोगी पडणार असं त्याला वाटतं. मांडणी फसल्याची खूण सोपी आहे. समोरचा गोंधळतो आणि मध्येच विचारतो, "कोण? कधी?" खात्री करायची तर त्याला विचारा, "चोर आला तेव्हा किती वाजले होते?" उत्तर आलं नाही, तर पाइप तिथेच तुंबलाय, पुढे तपासण्यात अर्थ नाही.

उत्तर बरोबर आलं आणि तरी हसू नाही, तर टाकीकडे वळायचं. हा विनोद उभा आहे तो पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, या सर्वांनी मान्य करून टाकलेल्या समजुतीवर. ती ज्याच्या कानावर नाही, त्याला "चारनंतर या" हे झोपेतलं बरळणं वाटतं. तो सगळी हकीकत नीट ऐकतो, सभ्यपणे म्हणतो, "बरं, मग?" नळाच्या बाबतीत आपण शेजारी विचारतो, "तुमच्याकडे पाणी आलंय का?" तसंच इथे बघायचं. ऐकणाऱ्या चौघांतले पुण्याशी संबंध असलेले दोघे हसले आणि बाकीचे दोघे गप्प राहिले, तर दोष माहितीचा. लिहिलेल्या विनोदातही हे दिसतं. अत्र्यांची 'झेंडूची फुले' १९२५ सालची. त्यातली विडंबनं ज्या कवितांवर आहेत, त्या कविता तेव्हाच्या वाचकाच्या ओठांवर होत्या. आज मूळ कविताच न वाचलेल्या मुलाच्या हाती ते पुस्तक दिलं, तर त्याला शब्दांची गंमत कळेल, पण विडंबनाची कळणार नाही. पुस्तकातलं एक अक्षर बदललेलं नाही, फक्त टाकी रिकामी झाली.

अशा वेळी काही जण विनोद संपल्यावर समजावत बसतात. त्यानं माहिती पोचते, हसू मात्र येत नाही, कारण हसण्याची घडी निघून गेलेली असते. पाणी भरायचं ते आधी. पण "पुण्यात दुकानं चारला उघडतात बरं का" असं धडधडीत सांगितलं तर शेवट फुटतो. त्यापेक्षा माहिती गोष्टीतच ठेवावी. दुकानावर पाटी आहे, 'एक ते चार दुकान बंद'. चोर कुलूप तोडून आत येतो, आणि मालक पडल्यापडल्या विचारतो, "पाटी वाचता येत नाही का?" आता नागपूरच्याच काय, परदेशात वाढलेल्या भाच्यालाही हे कळेल, कारण लागणारं सगळं गोष्टीतच आलं.

तिसरी जागा तोटीची, आणि माझा सगळा जीव इथे आहे. हशाचे शब्द शेवटी यायला हवेत आणि त्यानंतर एकही शब्द नको. मराठीत हे जपावं लागतं, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या टोकाला जातं. आपण सहज बोलून जातो, "चारनंतर या, असं तो मालक डोळेही न उघडता म्हणाला." व्याकरणात काही चूक नाही, पण हसू फुटायच्या वेळी ऐकणारा अजून वाक्य संपायची वाट बघतोय. म्हणून 'म्हणाला' आधी घ्यायचं आणि मालकाचे शब्द मागे ठेवायचे. याच्या उलट दोषही आहे, तोटीच्या आधीच गळती. "त्या मालकानं चोराला गिऱ्हाईक समजून काय सांगितलं माहितीये?" असं विचारलं की सगळं तिथेच सांडलं. खुणा ओळखू येतात: हसू सुरू होऊन अर्ध्यात तुटलं तर शेवटानंतर शब्द लागलेत, शेवटाआधीच कुणी "कळलं" म्हणालं तर गळती आहे. पुन्हा सांगते, कारण ऐकताना पटतं आणि बोलताना विसरतं: हशाचे शब्द शेवटी, आणि मग गप्प.

कुणी म्हणेल, सगळं सांगण्याच्या ढंगावर असतं. ढंगाचं महत्त्व मला मान्य आहे, पण छापलेल्या विनोदाला आवाज नसतो, चेहरा नसतो, तरी माणसं एकटीच वाचून हसतात. म्हणजे रचनेचं काम वेगळं आहे. दुसरा आक्षेप, चिरफाड केली की विनोद मरतो. पण आपण तपासतोय तो पडलेला विनोद, आणि तोही सगळे उठून गेल्यावर. तिसरा आक्षेप खरा आहे. तिन्ही जागा ठाकठीक असूनही विनोद पडतो. ऐकणाऱ्यानं तो आधी ऐकलेला असतो, किंवा ज्याच्याकडे परवाच चोरी झाली तोच समोर बसलेला असतो. तिथे दुरुस्ती चालत नाही. तो विनोद तिथे सांगायचाच नाही.

लिहून पाठवलेल्या विनोदात शेवट आधीच नजरेला पडतो, त्याचं काय करायचं, हेही सांगायचं होतं. पण समोरचा काटा वेळ संपल्याचं दाखवतोय. तेव्हा एवढंच करा. उद्या एखादा विनोद पडला तर तोच मोठ्यानं पुन्हा सांगू नका, समोरच्यावर रागावू नका. "किती वाजले होते?" एवढं विचारा, आणि उत्तर आलं तर पुढच्या दोन जागा बघा. आणि हो, 'म्हणाला' आधी.