आकड्यामागची अट : मुद्रित वेबिनारचा मराठी सारांश

परभणी जिल्ह्यातील एखादा बचतगट डाळमिल उभारू इच्छितो. त्यासंबंधीच्या दोन तासांच्या वेबिनारचे मुद्रण गटाकडे असते, परंतु ते सर्व सभासदांनी ऐकणे शक्य नसते. मग कोणी तरी त्याचा मराठी सारांश लिहितो आणि त्यावर कर्जाचा निर्णय अवलंबून राहतो. म्हणूनच सारांशातील एक गळलेला शब्दही महागात पडतो.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेचेच उदाहरण घ्यावे. वक्ता सांगतो, ‘पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, क्रेडिट लिंक्ड अनुदान, स्वतःचा वाटा किमान १० टक्के.’ सारांशात ‘दहा लाख अनुदान मिळते’ एवढेच उतरले, तर आकडा राहिला आणि अर्थ गेला.

हिशेब करून पाहिला म्हणजे चूक उघड होते. प्रकल्प २४ लाखांचा असेल, तर अनुदान ८ लाख ४० हजार होते. ३२ लाखांच्या प्रकल्पाचे ३५ टक्के ११ लाख २० हजार भरतात. तरीही मिळतात १० लाखच. ‘पात्र’ हा शब्दही गाळता येत नाही, कारण जमिनीची किंमत त्या खर्चात धरली जात नाही. ‘क्रेडिट लिंक्ड’ म्हणजे बँककर्जाशी निगडित. ही रक्कम हाती रोख पडत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता मिळाल्यानंतर तीन वर्षांनी, खाते नियमित व उद्योग चालू असल्यास, ती कर्जात वळती होते.

यासाठी मुद्रण दोनदा ऐकावे. प्रथम केवळ विषयाचा ओघ लक्षात घ्यावा. दुसऱ्या वेळी प्रत्येक आकड्यासाठी चार रकाने भरावेत : मुद्रणातील वेळ, आकडा, तो कशाचा, आणि अट कोणती. इंग्रजीतील ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’ कानाला सारखेच भासतात. तेथे मुद्रण थांबवून पडद्यावरील तक्ता पाहावा. ‘मिलियन’ आल्यास दहा लाख लिहावे. ऐकू न आलेला आकडा अंदाजाने भरू नये. ती जागा वेळेसह मोकळी सोडावी.

पारिभाषिक शब्दांचेही तसेच. ‘मार्जिन’ हा शब्द बँकेच्या बोलण्यात कर्जदाराच्या स्वतःच्या वाट्यासाठी येतो, तर व्यापाऱ्याच्या बोलण्यात नफ्यासाठी. दोन्हीकडे ‘नफा’ लिहिल्यास वाचक फसतो. मूळ शब्द तसाच ठेवावा, त्याचा त्या ठिकाणचा अर्थ एकदा मराठीत द्यावा आणि पुढे तोच शब्द वापरावा.

अखेरीस, मुद्रण न ऐकलेल्या सभासदाच्या हाती तो सारांश द्यावा. त्यावरून त्याने २४ आणि ३२ लाखांचे हिशेब अचूक केले, तर सारांश पुरा झाला. एका ठिकाणी जरी तो अडला, तरी तेथे कोणती तरी अट गळली आहे असे समजून चौथा रकाना पुन्हा तपासावा.