जन्मसाल चुकलं आणि खातं अडलं

नवा फोन सुरू करताना एखाद्या आजींकडून १९६१ ऐवजी घाईत २०१६ हे जन्मसाल निवडलं जातं. गूगलच्या लेखी मग त्या आजी तेरा वर्षांखालच्या ठरतात. भारतात स्वतःचं खातं चालवायला तेरा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे वय सिद्ध करा, अशी सूचना येते.

ही सूचना जाहिरात समजून सरकवू नका. साधारण चौदा दिवसांत काही केलं नाही, तर खातं बंद होतं. त्यानंतर तीस दिवसांनी ते पुसलं जाऊ शकतं, आतल्या फोटोंसकट.

त्याच खात्यात लॉगिन करा. सूचनेतूनच सरकारी ओळखपत्राचा फोटो किंवा क्रेडिट कार्ड, यांपैकी एक पर्याय निवडा. कार्डावर किरकोळ रक्कम तात्पुरती अडकते, कापली जात नाही. ओळखपत्रावरची जन्मतारीख स्पष्ट वाचता आली पाहिजे. काही आधार कार्डांवर नुसतं सालच असतं. अशा वेळी पूर्ण तारखेचं पॅन कार्ड बरं.

खातं अजून चालू असेल, तर 'वैयक्तिक माहिती'मध्ये जाऊन वाढदिवस आजच पाहून घ्या. आणि 'वय बदलून देतो' म्हणून फोन करणाऱ्याला ओटीपी अजिबात सांगू नका.