पत्त्याचा उजवा अर्धा भाग

न्हावा-शेवा बंदराच्या कामावर वाशी, बेलापूर, उरण या पट्ट्यात क्लिअरिंग एजंटांची कितीतरी छोटी ऑफिसं चालतात. इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, डिलिव्हरी ऑर्डर असं सगळं ईमेलनं येतं-जातं. लुधियान्याचा आयातदार किंवा परदेशातला पुरवठादार या ऑफिसची पायरी कधी चढत नाही. त्याच्यासाठी ऑफिस म्हणजे तो ईमेलचा पत्ता. तरीही पुष्कळ ठिकाणी फर्मचं नाव, पुढे दोन आकडे आणि `@gmail.com` एवढ्यावर काम भागवतात. स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता हा मिरवण्याचा प्रकार आहे, असा समज त्यामागे असतो. माझ्या मते प्रश्न ताब्याचा आणि ओळख पटण्याचा आहे.

आधी ताबा. कागदपत्रं पाहणारा मुलगा नोकरी सोडतो तेव्हा त्यानं स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं जीमेल खातं आणि त्यातला सगळा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर जातो. डोमेन तुमचं असेल तर `docs@` आणि `accounts@` असे कामाच्या नावाचे पत्ते ठेवता येतात. माणूस बदलला तरी पत्ता जागेवर राहतो. पुढे मेल सेवा बदलायची ठरवली, तरी डोमेनच्या सेटिंगमधली एमएक्स नोंद नव्या सेवेकडे वळवली की येणारा मेल तिकडे जाऊ लागतो आणि ग्राहकाला काहीच कळवावं लागत नाही. मात्र वेबसाइट करून देणाऱ्यानंच डोमेन स्वतःच्या खात्यात विकत घेतलेलं असेल, तर हा ताबा कागदावरच राहतो. नूतनीकरण चुकून ते सुटलं आणि दुसऱ्यानं घेतलं, तर तुमच्या ग्राहकांचे मेल त्या दुसऱ्याला मिळू शकतात.

आता ओळख, आणि बहुतेक जण इथेच अर्ध्यावर थांबतात. डोमेन घेतलं, पत्ता चालू झाला, एवढ्यानं तुमच्या नावाचा खोटा मेल कोणी पाठवू शकणार नाही असं होत नाही. त्यासाठी डोमेनच्या सेटिंगमध्ये तीन नोंदी लागतात. एसपीएफ सांगते की या डोमेनच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकेआयएममुळे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही तपासता येते. या दोन्हींशी न जुळणाऱ्या मेलचं काय करायचं, हे डीमार्क सांगते. गूगलची सेवा घेतली असेल तर एसपीएफची ओळ अशी असते:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

नेहमीची चूक होते ती दुसऱ्या सेवेच्या वेळी. बिलिंगचं सॉफ्टवेअर तुमच्या नावानं बिलं पाठवू लागतं; त्याच्या मदत-पानावरची एसपीएफची ओळ कोणीतरी वेगळी नोंद म्हणून टाकतं. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते आणि खरी बिलं स्पॅममध्ये जायला लागतात. नवी सेवा त्याच ओळीत, `~all` च्या आधी, जोडायची असते. सगळं जुळलं की नाही ते पाहायला एक मेल जीमेल खात्यावर पाठवा, संगणकावर उघडा आणि तीन ठिपक्यांच्या मेनूतून `Show original` निवडा. तिन्ही नोंदींपुढे `PASS` दिसलं पाहिजे. डीमार्क सुरुवातीला `p=none` वर ठेवावं आणि काही आठवडे अहवाल पाहून मगच `quarantine` वर न्यावं. घाई केली तर स्वतःचेच मेल अडकतात.

यावर कोणी म्हणेल, जीमेलचा मेल तर बिनबोभाट पोचतो, मग खर्च कशाला? पोचतो हे खरंच. पण तसंच दिसणारं, एखादा आकडा वेगळा असलेलं खातं कोणीही फुकट उघडू शकतो, आणि त्यालाही `PASS` मिळतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भामटा एका अक्षराच्या फरकाचं डोमेन घेऊ शकतो, आणि वरच्या नोंदी त्याला रोखू शकत नाहीत. हे मान्यच करावं लागतं. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ अशा खोट्या मेलनं होणाऱ्या फसवणुकीवर उपाय मेलच्या तळाशी असणाऱ्या सहीत आहे. नाव, काम, फर्म, पत्ता, फोन असा चार-पाच ओळींचा साधा मजकूर आणि खाली एक वाक्य: ‘बँक खात्यातील बदल आम्ही केवळ ईमेलने कळवत नाही, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा.’ खोट्या मेलच्या सहीत फोन नंबरही खोटाच असणार, म्हणून ‘आधीपासून’ हा शब्द गाळू नये. सही चित्ररूपात लावू नये. काही ठिकाणी चित्रं उघडत नाहीत आणि त्यातला नंबर कॉपी होत नाही. फर्म खासगी मर्यादित कंपनी असेल, तर व्यावसायिक पत्रांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन छापणं कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार बंधनकारक आहे. तो तपशील सहीतही असू द्यावा.

ज्यांच्याकडे डोमेन आधीपासून आहे त्यांनी या आठवड्यात एवढंच विचारून घ्यावं: ते कोणाच्या खात्यात आहे, आणि त्या खात्याचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?