पहिले आवर्तन



गाण्याच्या पहिल्या पाच सेकंदांविषयी मी बोलणार आहे. विषय एवढासा वाटेल. पण माझ्या आईची चाल याच पाच सेकंदांत हरवू लागली होती.

आईने एका भावगीताला दादऱ्यात चाल दिली होती. इंदूरच्या आमच्या घरी ती पेटीवर ते गायची. ती गेल्यावर एका तरुण गायिकेकडून मी ते ध्वनिमुद्रित करून घेतले. आरंभी दहा सेकंद नुसता तानपुरा, मग दहा सेकंद बासरी, मग शब्द. रात्री जेवणानंतर भाचीच्या मोबाईलवर लावले. तिने तीन-चार सेकंद ऐकले आणि बोटाने पुढे सारले. म्हणाली, "मामा, सुरूच होत नव्हतं."

मला राग आला. आजकाल कुणाला धीर नाही, असे मी म्हणालोही. त्यात थोडे तथ्य होतेच. २०१४ मध्ये पॉल लामेर यांनी स्पॉटिफायवरच्या ऐकण्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे २४ टक्के वेळा गाणे पहिल्या पाच सेकंदांतच सोडले जात होते. शिवाय तिथे तीस सेकंद वाजल्याखेरीज ऐकणे मोजलेच जात नाही. पण भाचीचे वाक्य मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी मोबाईल स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, नळ सोडला आणि चार पावले मागे उभा राहून ऐकले. खरोखरच काही सुरू होत नव्हते! फाईलच्या तोंडाशी जवळपास एक सेकंद नि:शब्द होता. त्यापुढे तानपुरा दोन सेकंद हळूहळू वर येत होता. मोबाईलच्या इवल्या स्पीकरला खर्ज पेलत नाही. जवारीची वरची कुजबुज तेवढी उरते, ती नळाच्या पाण्यात विरली. हेडफोनवर मला जी भारदस्त सुरुवात वाटत होती, ती भाचीपर्यंत पोहोचलीच नव्हती.

आता पाच सेकंद म्हणजे किती, ते पाहू. आमची लय मिनिटाला ७२ मात्रांची. म्हणजे पाच सेकंदांत सहा मात्रा, दादऱ्याचे बरोबर एक आवर्तन. एका आवर्तनात सूर, ताल आणि गळा यांची ओळख करून द्यायची, असा प्रश्न मांडला की तो आपल्या ओळखीचा होतो.

आईचा मुखडा पाचव्या मात्रेवरून उठतो. म्हणून नवी सुरुवात तिथूनच केली. तोंडाची नि:शब्द जागा कापली, पण गायिकेचा श्वास ठेवला; त्याने कान सावध होतो. दोन मात्रा नुसता गळा, खाली तानपुरा आणि पेटीचा मध्य षड्ज. पेटीचा हा सूर छोट्या स्पीकरवरही नीट उमटतो. मग समेवर, म्हणजे पावणेदोन सेकंदांच्या सुमारास, तबला. पाच सेकंद होईतो मुखड्याची बहुतेक ओळ कानावरून गेलेली असते.

इथे मी चूक केली. मुखडा झाल्यावर जुनी बासरी जशीच्या तशी, दोन आवर्तने, ठेका थांबवून घातली. गाणे यूट्यूबवर होते; कोणत्या क्षणी किती श्रोते उरले, याची रेषा तिथे मालकाला दिसते. पूर्वी ती आरंभीच कोसळत होती, आता बासरीपाशी कोसळू लागली. गळती थांबली नव्हती, नुसती पुढे सरकली होती. पहिल्या ओळीने गाण्याची आशा लावावी आणि पुढे ते थांबावे, याला श्रोता फसवणूक समजतो. बासरी एका आवर्तनाची केली, ठेका चालू ठेवला, तेव्हा रेषेचा उतार सौम्य झाला. पण तीस-चाळीस जणांच्या ऐकण्यावरून असा निवाडा करू नये. शंभरेक होईतो मी थांबलो.

हा उपाय सर्वत्र लावायचा नाही. ख्यालाचा श्रोता आलापासाठीच आलेला असतो. त्याच्यापुढे बंदिशीचा मुखडा आधी फेकणे म्हणजे त्याचे सुख हिरावणे. पण वेळेचा काच नवा नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी तबकड्यांसाठी गायले, तेव्हाही तीन मिनिटांच्या आसपास सगळे बसवावे लागले होते.

शेवटी एक कबुली. आईची चाल मोडतो आहे, या अपराधी भावनेने मी बरेच दिवस ही कात्री चालवत नव्हतो. मग आठवले, आई पेटीवर षड्ज धरायची आणि थेट शब्द उचलायची. तानपुऱ्याचे दहा सेकंद आणि बासरी तिची नव्हतीच. ती माझी हौस होती. परंपरा म्हणून मी जे जपत होतो, तेच तिच्या चालीच्या वाटेत उभे होते.

आपल्याही घरी अशा चाली असतील. ध्वनिमुद्रित करा तेव्हा ओट्यावर मोबाईल ठेवा, नळ सोडा आणि पहिले आवर्तन ऐका.