बारा वाजले म्हणजे दुपार झाली?



आज एका काठीबद्दल बोलणार आहे. त्याआधी आमच्या गटाची चूक सांगते. शेवग्याचा पाला वाळवायला आम्ही सोलर ड्रायर घेतला. त्याची काच दक्षिणेकडे हवी. एप्रिलचा मध्य होता. घड्याळात बारा वाजले तेव्हा एक काठी उभी केली, सावली पडली ती उत्तर धरली आणि उलट बाजूला काच करून पेटी सिमेंटात बसवली. हिवाळ्यात दुपारनंतर पेटीच्या कडेचीच सावली पाल्यावर येऊ लागली. पाहिलं तर पेटीचं तोंड जवळजवळ आग्नेयेला होतं!

चूक घड्याळावर विश्वास ठेवण्याची होती. सूर्य बरोबर दक्षिणेला किंवा उत्तरेला येतो, ती खरी माध्यान्ह. ती घड्याळाच्या बाराला होत नाही. मग ती शोधायची कशी?

सपाट, मोकळी जागा बघा, जिथे दिवसभर ऊन असतं. सरळ काठी रोवा, जमिनीच्या वर बरोबर 100 सेंटीमीटर राहील अशी. ओळंबा लावून दोन बाजूंनी तपासा. काठी कलली तर पुढचं सगळं चुकतं. मग काठीच्या बुंध्याला सैल सुतळी बांधून जमिनीवर वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते, तिचं टोक वर्तुळाबाहेर असतं. सावली आखडत येते आणि टोक वर्तुळाला टेकतं. तिथे खुंटी ठोका, वेळ लिहा. दुपारनंतर सावली लांबत जाऊन दुसऱ्या बाजूला वर्तुळाला टेकते. तिथे दुसरी खुंटी. टोक जरा धूसर दिसतं, म्हणून दोन्ही वेळा गडद सावली जिथे संपते तीच जागा धरा.

सकाळची खुंटी पश्चिमेची, दुपारची पूर्वेची. दोन्ही सुतळीने जोडा, सुतळीचा मधला बिंदू काढा आणि तिथून काठीपर्यंत रेघ ओढा. ही तुमची दक्षिणोत्तर रेघ. जुन्या ज्योतिषग्रंथांत या काठीला शंकू म्हटलं आहे आणि दिशा काढायची हीच रीत सांगितली आहे.

आम्ही माण तालुक्यातल्या. 21 मार्चला 70 सेंटीमीटरचं वर्तुळ काढलं, तर आमच्याकडे सावली सकाळी 10 वाजून 36 मिनिटांनी टेकते आणि दुपारी 2 वाजून 42 मिनिटांनी. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ 12 वाजून 39 मिनिटं. तीच खरी माध्यान्ह.

हा उशीर का? आपलं घड्याळ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेलं आहे. आपण तिच्या आठ अंश पश्चिमेला आहोत. एक अंश ओलांडायला सूर्याला चार मिनिटं लागतात, म्हणजे बत्तीस मिनिटं इथेच गेली. उरलेली मिनिटं पृथ्वीच्या चालीमुळे वर्षभर कमीजास्त होतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमची माध्यान्ह सव्वाबाराला, तर फेब्रुवारीच्या मध्याला पाऊण वाजता होते. एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा अर्ध्या तासात सावलीची दिशा फार फिरते. आमची पेटी त्यामुळेच इतकी वाकडी बसली.

रेघ एकदा आखली की काठी तिथेच ठेवा. सावली रेघेवर आली की माध्यान्ह. आठवड्यातून एकदा त्या वेळी तिच्या टोकाला खूण करा, तारीख लिहा. आमच्याकडे 22 डिसेंबरच्या सुमारास ती सर्वांत लांब, 87 सेंटीमीटर. मार्चमध्ये 32. साधारण 10-11 मेला सावली बुंध्यातच जिरते. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. 21 जूनला ती तिकडे 10 सेंटीमीटर असते, पण तेव्हा ढगांतून ऊन मिळेलच असं नाही. तुमच्या गावचे आकडे थोडे वेगळे येतील. आणि मे महिन्यात नवी रेघ आखू नका. सावली इतकी आखूड असते, की बारीकशी चूकही दिशा बदलते.

आता एक गंमत. संक्रांतीला सूर्य उत्तरेला वळतो असं आपण म्हणतो. पण काठी सांगते, तो 22 डिसेंबरलाच वळला. 14 जानेवारीपर्यंत सावली 87 वरून 81 वर आलेली असते. साधारण सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही एकाच वेळी घडत. संक्रांत ताऱ्यांवरून मोजतात, आणि सूर्याचं वळणं त्या ताऱ्यांच्या हिशेबात सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस मागे सरकतं.

आमची पेटी आता फोडून पुन्हा बसवली आहे. या वेळी आधी रेघ आखली, मग सिमेंट कालवलं.